लसीकरण कार्डाच्या फोटोवरून कोणता डोस राहिला हे कसं ओळखायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उपकेंद्रातली नोकरी संपली, तरी मोबाईलवर कार्डांचे फोटो येणं काही थांबलं नाही. खाली एकच ओळ असते : "ताई, काही राहिलंय का बघा ना." त्या निमित्ताने पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. हे सगळं महाराष्ट्रातल्या सरकारी माता-बाल कार्डाबद्दल आणि राष्ट्रीय लसीकरण वेळापत्रकाबद्दल आहे. खासगी दवाखान्याच्या पुस्तिकेबद्दल प्रश्न १० पाहा. फोटोवरून काय विचारायचं ते ठरतं. सुई टोचायची की नाही, हे समोर बाळ आणि हातात मूळ कार्ड असलेली आरोग्य सेविका किंवा डॉक्टरच ठरवतील.

१. फोटो कोणत्या पानांचा पाठवू?

लसींच्या चौकोनांच्या पानाचा तर हवाच, पण जन्मतारीख असलेल्या पानाचाही हवा. निम्मे लोक फक्त चौकोनांचा फोटो पाठवतात. जन्मतारखेशिवाय त्या चौकोनांना काही अर्थ नाही. तीन महिन्यांच्या बाळाचं जे कार्ड व्यवस्थित, तेच दोन वर्षांच्या मुलाचं असेल तर अर्धवट.

कार्ड सपाट जागी ठेवून दिवसाच्या उजेडात, फ्लॅश बंद करून फोटो काढा. प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेलं कार्ड बाहेर काढा, नाहीतर नेमका साडेतीन महिन्यांच्या ओळीवर उजेडाचा पांढरा डाग येतो. घडीवरचे आकडे दिसत नसतील तर तेवढ्याच भागाचा जवळून दुसरा फोटो घ्या. समास कापू नका, कारण नंतर आलेल्या लसी तिथेच हाताने लिहिलेल्या असतात. फोटो एखाद्या ग्रुपवर टाकणार असाल तर नाव, पत्ता आणि मोबाईल नंबर झाका.

२. कार्डावर बीसीजी, ओपीव्ही, पेंटा, आरव्हीव्ही असं काय काय लिहिलंय. हे सगळं म्हणजे काय?

बीसीजी ही क्षयरोगाची लस, डाव्या दंडावर. ओपीव्ही म्हणजे पोलिओचे तोंडातून द्यायचे थेंब. एफआयपीव्ही हीसुद्धा पोलिओचीच लस, पण दंडावर त्वचेत अगदी थोडी टोचतात. आयांचा सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. थेंब दिले म्हणजे पोलिओचं इंजेक्शनही झालं, असं नसतं. दोन्हींचे चौकोन वेगळे असतात.

पेंटा म्हणजे पेंटाव्हॅलंट. घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ ब आणि हिब जंतूमुळे होणारा न्यूमोनिया-मेंदूज्वर अशा पाच रोगांसाठी मांडीत एकच सुई. आरव्हीव्ही म्हणजे रोटाव्हायरसमुळे होणाऱ्या जुलाबांची लस, तोंडातून. पीसीव्ही न्यूमोकोकल न्यूमोनियासाठी. एमआर म्हणजे गोवर-रुबेला. डीपीटी म्हणजे घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात या तिन्हींची लस, तिला जुनी माणसं अजून "ट्रिपल" म्हणतात.

३. कोणती लस कधी, हे लक्षात राहील असं सांगा.

आम्ही एकमेकींना सांगायचो ते असं : जन्म, दीड, अडीच, साडेतीन, नऊ, दीड वर्ष. एवढं पाठ झालं की कार्ड वाचता येतं.

जन्मानंतर बीसीजी, पोलिओचा शून्य डोस आणि कावीळ ब. दीड महिन्याला, म्हणजे ६ आठवड्यांना, थेंब, पेंटा, रोटा, एफआयपीव्ही आणि पीसीव्ही या सगळ्यांचा पहिला डोस. अडीच महिन्यांना, १० आठवड्यांना, फक्त थेंब, पेंटा आणि रोटाचा दुसरा. साडेतीन महिन्यांना, १४ आठवड्यांना, थेंब, पेंटा आणि रोटाचा तिसरा, शिवाय एफआयपीव्ही आणि पीसीव्हीचा दुसरा. नऊ महिने पूर्ण झाल्यावर एमआरचा पहिला, पीसीव्हीचा बूस्टर, एफआयपीव्हीचा तिसरा आणि जीवनसत्त्व अ. १६ ते २४ महिन्यांत एमआरचा दुसरा, डीपीटीचा पहिला बूस्टर, पोलिओच्या थेंबांचा बूस्टर आणि जीवनसत्त्व अ. पुढे ५ ते ६ वर्षांत डीपीटीचा दुसरा बूस्टर आणि १० व १६ वर्षांना टीडी, म्हणजे धनुर्वात-घटसर्पाची लस.

अडीच महिन्यांच्या ओळीत पीसीव्ही आणि एफआयपीव्ही नाहीत, हे नीट पाहा. "मधला डोस राहिला" म्हणून घाबरून पाठवलेल्या फोटोंपैकी कितीतरी फोटोंत राहिलेलं काहीच नसतं. त्या ओळीत त्या लसी मुळातच नाहीत.

४. चौकोन रिकामा आहे म्हणजे डोस चुकलाच ना?

नाही. रिकामा चौकोन चार वेगवेगळ्या गोष्टी सांगू शकतो.

पहिली, अजून वेळच आलेली नाही. दुसरी, वेळ झाली आहे आणि मुदत चालू आहे. दीड वर्षाच्या मुलाचा एमआरचा दुसरा डोस "चुकलेला" नसतो, "द्यायचा" असतो. तिसरी, वेळ उलटून गेली आहे, पण डोस अजून देता येतो. खरा राहिलेला डोस हाच. चौथी, वयाची मर्यादा संपल्यामुळे तो डोस आता द्यायचाच नाही. जन्मावेळचा कावीळ बचा डोस २४ तासांच्या आत द्यायचा असतो आणि पोलिओचा शून्य डोस पहिल्या १५ दिवसांत. सहा महिन्यांच्या बाळाच्या कार्डावर हे दोन चौकोन रिकामे दिसले तर हळहळ वाटेल, पण ते भरायला धावायचं नाही. कावीळ बचं संरक्षण पुढे पेंटातून मिळतं.

याशिवाय पाचवी शक्यताही आहे : डोस दिला, पण लिहायचा राहिला. लसीकरण सत्रात चाळीस बाळं रडत असतात, तेव्हा हेही होतं. म्हणून रिकामा चौकोन दिसला की आधी उपकेंद्रातली नोंद तपासायची (प्रश्न १४).

५. आठवडे मोजायचे की महिने? आमचे दोन-चार दिवस इकडेतिकडे होतात.

जन्मतारखेत ४२ दिवस मिळवा, मग ७०, मग ९८. दीड-अडीच-साडेतीन महिने हे त्याचंच बोलीतलं रूप. डोस दोन-चार दिवस उशिरा झाला तर काही बिघडत नाही. दोन-चार दिवस आधी झाला असेल तर मात्र विचारावं लागतं, ते प्रश्न ९ मध्ये. नऊ महिने म्हणजे नऊ महिने पूर्ण. "नववा लागला" म्हणून एमआर द्यायचा नसतो. बाळ वेळेआधी जन्मलेलं असलं तरी मोजणी खऱ्या जन्मतारखेपासूनच होते, डॉक्टरांनी दिलेल्या प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून नाही.

६. तारीख वाचताच येत नाही. ६ आहे की ८? १ आहे की ९?

मराठी आकड्यांत १ आणि ९, इंग्रजी आकड्यांत 1 आणि 7, आणि घाईत लिहिलेले ६ आणि ८ हे नेहमीचे गुन्हेगार. फोटो कितीही मोठा केला तरी शाई पसरलेली असेल तर उपयोग होत नाही. दोन युक्त्या चालतात.

एक, आडवं वाचा. एका भेटीतल्या लसींवर सहसा एकच तारीख असते. पेंटाची तारीख पुसट असली तरी शेजारच्या थेंबांची किंवा रोटाची वाचता येते.

दोन, वार काढा. गावातलं किंवा वस्तीतलं लसीकरण सत्र बहुतेक ठरलेल्या वारीच असतं. मोबाईलच्या कॅलेंडरमध्ये स्पष्ट दिसणाऱ्या तारखा पाहा. त्या सगळ्या गुरुवारी येत असतील आणि पुसट तारीख ६ धरली तर गुरुवार, ८ धरली तर शनिवार येत असेल, तर ती ६ असण्याचीच शक्यता जास्त. हा पुरावा नाही, अंदाज आहे. पण उपकेंद्राच्या नोंदवहीत कोणतं पान उघडायचं ते यावरून कळतं. जन्मावेळच्या लसींना ही युक्ती लागू नाही, कारण त्या रुग्णालयात कोणत्याही वारी दिलेल्या असतात.

परदेशातल्या शाळेसाठी भारतातलं कार्ड देणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा. अमेरिकेत महिना आधी लिहितात. ५/७ ही आपल्याकडची ५ जुलै तिकडे ७ मे वाचली जाते आणि दोन डोसांमधलं अंतर कमी भरतं. सोबतच्या कागदावर महिना अक्षरांत लिहा.

७. तारीख तर लिहिलेली आहे, पण ती पुढची आहे. मग डोस झाला की नाही?

हा सापळा फोटोत जास्त फसवतो. काही ताया पुढच्या भेटीची तारीख त्याच चौकोनात पेन्सिलीने लिहून देतात, म्हणजे आईला कधी यायचं ते कळावं. हेतू चांगला असतो, पण फोटोत पेन्सिल आणि फिकट शाई सारखीच दिसते. मग "तारीख आहे, म्हणजे डोस झाला" असं समजून सगळे निवांत.

ओळखायचं असं : तारीख फोटो काढलेल्या दिवसाच्या पुढची असेल तर डोस झालेला नाही. ती आदल्या डोसापासून बरोबर २८ दिवसांवर असेल आणि आजूबाजूच्या तारखांपेक्षा फिकट असेल, तर शंका घ्या. आईला एकच प्रश्न विचारा : "त्या दिवशी सुई टोचली का, मांडी दुखली का?" आईला तारीख आठवत नाही, पण ताप आलेली रात्र आठवते. नुसती बरोबरची खूण असेल आणि तारीख नसेल, तर अंतर मोजता येत नाही. अशी खूण नोंदवहीतून तारखेत बदलून घ्या.

८. एखादं कार्ड सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचून दाखवा.

कार्ड नमुन्याचं आहे, पण यातल्या खाचाखोचा रोजच्या आहेत. जन्म १४ मार्च २०२४. फोटो १० ऑगस्ट २०२५चा. म्हणजे मूल जवळजवळ १७ महिन्यांचं.

आधी कार्डाकडे न बघता कोऱ्या कागदावर तारखा काढायच्या. ४२ दिवस म्हणजे २५ एप्रिल २०२४, ७० दिवस म्हणजे २३ मे, ९८ दिवस म्हणजे २० जून. नऊ महिने पूर्ण १४ डिसेंबरला. १६ महिने पूर्ण १४ जुलै २०२५ला आणि २४ महिने १४ मार्च २०२६ला. कागद आधी केला नाही तर डोळे चौकोन मोजत बसतात.

आता कार्ड. जन्माच्या तिन्ही लसींवर १५ मार्च. पुढची ओळ २ मे, पाचही लसी. आठवडाभर उशीर, हरकत नाही. त्यानंतर थेंब, पेंटा आणि रोटाचा दुसरा डोस ६ जून. हा तो पुसट आकडा. २ मे गुरुवार, ६ जूनही गुरुवार, अंतर ३५ दिवस. ठीक. मग ११ जुलै, पुन्हा गुरुवार, पुन्हा ३५ दिवस. थेंब, पेंटा आणि रोटाचा तिसरा आणि एफआयपीव्हीचा दुसरा लिहिलेला आहे, पण पीसीव्हीचा दुसरा चौकोन रिकामा. १९ डिसेंबरला एमआरचा पहिला, जीवनसत्त्व अ आणि पीसीव्ही बूस्टर. एफआयपीव्हीच्या तिसऱ्याचा चौकोन या कार्डावर छापलेलाच नाही, आणि फोटोत समास कापला गेला आहे.

यातून तीन वेगळे निष्कर्ष निघतात. एमआरचा दुसरा, डीपीटी बूस्टर, थेंबांचा बूस्टर आणि जीवनसत्त्व अचा दुसरा डोस यांची वेळ १४ जुलैपासून सुरू झाली आहे. हे द्यायचे आहेत, चुकलेले नाहीत. पेंटाच्या तिसऱ्या डोसाला सहा महिन्यांपेक्षा जास्त काळ झाला आहे, म्हणून डीपीटी बूस्टरला अडचण नाही.

पीसीव्हीची गोष्ट नाजूक. "बूस्टर"च्या चौकोनात तारीख आहे म्हणून पीसीव्ही पूर्ण झालं असं समजू नका. चौकोनाचं नाव वाचायचं नाही, तारखा मोजायच्या. इथे दोनच तारखा आहेत, २ मे आणि १९ डिसेंबर. ११ जुलैला लस संपलेली असेल, किंवा दिली पण लिहिली नसेल. नोंदवहीतही नसेल तर एक डोस खरा राहिला आहे. पहिला डोस वर्षाच्या आत झालेला असल्याने उरलेला पूर्ण करता येतो.

एफआयपीव्हीच्या तिसऱ्यासाठी आधी समासाचा फोटो मागवायचा. मूल वर्षापुढे गेलं आहे, त्यामुळे तिथेही नोंद नसेल तर निर्णय केंद्रावरच घ्यायला सांगायचं. म्हणून आईला पाठवायचं उत्तर एवढंच : "या गुरुवारी मूळ कार्ड घेऊन सत्राला जा. दीड वर्षाच्या लसी द्यायच्या आहेत. ताईंना पीसीव्हीचा दुसरा आणि एफआयपीव्हीचा तिसरा नोंदवहीत बघायला सांगा."

९. मधे चार महिने गेले. आता पहिल्यापासून सुरू करायचं का? आणि डोस लवकर दिला गेला असेल तर?

पहिल्यापासून सुरू करायचं नाही. दिलेला डोस उशीर झाला म्हणून बाद होत नाही, जिथे थांबलात तिथून पुढे जायचं. पेंटाचा पहिला डोस झाला आणि मग बाळ आजोळी राहिलं, तर परत आल्यावर दुसरा आणि किमान चार आठवड्यांनी तिसरा. उशीर झाला म्हणून दोन डोस जवळजवळ देऊन भरपाई करायची नसते.

लवकर दिलेला डोस मात्र उशिरा दिलेल्यापेक्षा जास्त अडचणीचा. पेंटा, थेंब आणि रोटाच्या दोन डोसांत किमान चार आठवडे हवेत. फोटोत दोन तारखांमध्ये वीसच दिवस दिसले तर आधी प्रश्न ६ प्रमाणे तारीख नीट वाचली का ते तपासा. बहुतेक वेळा चूक वाचणाऱ्याची निघते. गोवराच्या साथीत नऊ महिन्यांच्या आत एमआर दिलेला असेल तर तो जादा डोस. नऊ महिन्यांनंतरचा पहिला आणि दीड वर्षाचा दुसरा हे दोन्ही तरीही द्यायचेच.

१०. आम्ही काही लसी खासगी डॉक्टरांकडे घेतल्या. सरकारी कार्ड रिकामं दिसतंय.

दोन्ही कागदांचे फोटो शेजारी ठेवूनच वाचायचं. खासगी पुस्तिकेत "सिक्स इन वन" किंवा "हेक्सा" लिहिलं असेल तर त्या एका सुईत पेंटाच्या पाच लसी आणि पोलिओचं इंजेक्शन आलं. "पेनलेस" म्हणून घेतलेली ट्रिपल ही ट्रिपलच. एमएमआरमध्ये गोवर आणि रुबेला दोन्ही असतात. पुस्तिकेत "देय" आणि "दिली" असे दोन रकाने असतात आणि देय तारखा आधीच छापून येतात. प्रश्न ७ मधला सापळा इथे छापील रूपात असतो. दिलेल्या लसीसमोर सहसा कुपीवरचं स्टिकर किंवा बॅच नंबर आणि सही असते, ती शोधा.

टायफॉइड, कांजिण्या, कावीळ अ आणि फ्लू यांचे रिकामे चौकोन राष्ट्रीय वेळापत्रकानुसार "राहिले" नाहीत, कारण त्या यादीत त्या लसी नाहीत. घ्यायच्या की नाही, हे तुमच्या डॉक्टरांशी बोला.

११. पल्स पोलिओला दरवेळी थेंब पाजलेत. मग कार्डावरचे पोलिओचे चौकोन रिकामे राहिले तर चालेल ना?

चालणार नाही. बूथवरचे थेंब हे नियमित डोसांच्या वरचे असतात, त्यांच्या जागी धरत नाहीत. बोटावरची शाईची खूण कार्डावर उतरत नाही.

१२. कोणत्या वयानंतर कोणती लस देत नाहीत?

सरकारी कार्यक्रमात बीसीजी वर्षापर्यंत. पेंटा, रोटा आणि पीसीव्हीचा पहिला डोस वर्षाच्या आत सुरू झालेला हवा. तो झाला असेल तर उरलेले पुढेही पूर्ण करतात. पोलिओचे थेंब आणि एमआर पाच वर्षांपर्यंत, डीपीटी सात वर्षांपर्यंत. रोटासाठी खासगी डॉक्टर यापेक्षा लवकरची मर्यादा सांगतात, त्यामुळे तिकडे वेगळं उत्तर मिळालं तर गोंधळू नका.

ऊसतोडीहून किंवा वीटभट्टीवरून परतलेल्या कुटुंबातलं दोन वर्षांचं मूल, कार्ड पूर्ण कोरं, असा फोटोही येतो. त्या मुलासाठी पेंटा नाही, पण डीपीटीचे तीन डोस चार-चार आठवड्यांनी, थेंब आणि महिन्याच्या अंतराने एमआरचे दोन डोस हे सगळं होऊ शकतं. "आता वय गेलं" असं सांगून अशा आईला कुणी परत पाठवू नये.

१३. बीसीजीची तारीख आहे पण दंडावर व्रण नाही. आणि जेईचा चौकोन कुणाचाच भरलेला नाही. असं का?

कार्डावर बीसीजीची नोंद असेल तर व्रण उठला नाही म्हणून पुन्हा टोचत नाहीत. उलट नोंद नाही पण डाव्या दंडावर व्रण आहे, तर बीसीजी झालेली असण्याची शक्यता मोठी. अशा वेळी दंडाचाही एक फोटो पाठवा.

जेई म्हणजे जपानी मेंदूज्वर. ही लस सगळ्या जिल्ह्यांत नाही, जिथे तो आजार आढळतो तिथेच आहे. विदर्भातल्या काही जिल्ह्यांत हा चौकोन भरायलाच हवा, इतर बऱ्याच ठिकाणी तो रिकामाच राहतो. तुमचा जिल्हा यादीत आहे का, ते आशाताईला विचारा. याच कारणाने मोठ्या भावंडाचं कार्ड धाकट्याशी ताडून पाहू नका. महाराष्ट्रात रोटा २०१९ मध्ये आलं, पीसीव्ही २०२१ मध्ये आणि एफआयपीव्हीचा तिसरा डोस जानेवारी २०२३ पासून. थोरल्याच्या कार्डावर जे नाही ते त्याचं चुकलेलं नाही, तेव्हा ते नव्हतंच.

१४. कार्डच हरवलं. जुना एक अस्पष्ट फोटो आहे. आता?

फोटो जपून ठेवा, तो अस्पष्ट असला तरी सुरुवात होते. त्यावरून लस कुठे दिली आणि साधारण कधी, एवढं कळलं तरी पुरतं. कार्डाचा कापून घेतलेला भाग आरोग्य सेविकेकडे असतो आणि नोंदवहीत बाळाच्या नावापुढे तारखा असतात. अलीकडच्या बाळांची नोंद यू-विन या सरकारच्या ऑनलाइन लसीकरण नोंदवहीतही असते. गरोदरपणी दिलेला मोबाईल नंबर सांगितला की ती शोधता येते. तो नंबर बहुतेकदा बाळाच्या वडिलांचा किंवा मामाचा निघतो, म्हणून सगळे नंबर आठवून जा. नवीन कार्डावर तारखा नोंदवहीतूनच उतरवून घ्या, आठवणीतून नको. नोंद कुठेच मिळाली नाही, तर त्या वयाला कोणते डोस द्यायचे ते आरोग्य केंद्रातले डॉक्टर ठरवतात.

१५. जीवनसत्त्व अच्या नऊ चौकोनांपैकी दोनच भरलेत. मूल तीन वर्षांचं आहे.

या चौकोनांकडे सगळ्यात कमी लक्ष जातं, कारण सुई नसते. पहिला डोस नऊ महिन्यांना १ मिली, पुढे दीड वर्षापासून दर सहा महिन्यांनी २ मिली, पाच वर्षांपर्यंत. सगळे मिळून नऊ. मधले राहिलेले डोस एकदम पाजून भरून काढायचे नाहीत. आज एक, पुढचा सहा महिन्यांनी. अंगणवाडीत पाजलेला डोस कार्डावर चढत नाही असंही होतं, म्हणून आज पाजण्याआधी अंगणवाडी ताईंच्या वहीत शेवटची तारीख बघायची.